तारखेचे श्लोक

ऑफिसच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक गाणं असतंच. चाल जुनी आणि शब्द नवे. विषय बहुतेक वेळा एकच, डेडलाइन. आणि बहुतेक वेळा ते गाणं पडतं. विनोद वाईट असतो म्हणून ते पडत नाही, शब्द ऐकूच येत नाहीत म्हणून पडतं. एका ओळीत मावणार नाहीत इतकी अक्षरं कोंबलेली असतात. गाणारा चालीच्या मागे धावतो, शेवटचे तीन शब्द गिळतो, आणि नेमका विनोद त्या तीन शब्दांतच असतो. पहिल्या रांगेतले लोक सौजन्य म्हणून हसतात आणि मागच्या रांगा मोबाईल काढतात.

विडंबनगीत हे आधी मापाचं काम आहे आणि मग विनोदाचं. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली, तेव्हा त्यांच्या थट्टेचा रोख मुख्यतः रविकिरण मंडळाच्या कवितेवर होता. त्याच मंडळातल्या माधव जूलियनांनी पुढे ‘छंदोरचना’ हा मराठी छंदशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला. अशा जाणकारांची थट्टा करायची तर लय कुठेही लंगडून चालणार नव्हतं, आणि अत्र्यांची लय लंगडत नाही. म्हणूनच ती विडंबनं मोठ्याने वाचली तरी हशा येतो.

एका कर सल्लागाराच्या ऑफिससाठी असं गाणं बांधायचं होतं. तिथलं उदाहरण घेऊन हे काम कसं होतं ते सांगतो, कारण डेडलाइन हा शब्द तिथे सगळ्यांत खरा आहे. टीडीएसचा भरणा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, जीएसटीआर-१ दर महिन्याच्या ११ तारखेला, जीएसटीआर-३बी २० तारखेला, आणि वर्षातून एकदा प्राप्तिकराची विवरणपत्रं. दर महिन्याला त्याच तारखा येतात आणि दर महिन्याला तीच धावपळ होते. संमेलनाला कर्मचाऱ्यांचे नवरे, बायका, आईवडील आणि मुलंही येणार होती. म्हणजे ज्यांनी वीस तारखेच्या रात्री घरी वाट पाहिली, ते लोक समोर बसणार होते. गाणं त्यांनाही कळायला हवं होतं.

पहिला प्रश्न चालीचा. ऑफिसमधल्या मुलांच्या मनात एक गाजलेलं सिनेमागीत होतं. माझं मत वेगळं पडलं. सिनेमागीताचा कराओके ट्रॅक बांधलेल्या वेगाने आणि बांधलेल्या पट्टीत वाजतो. हशा आला म्हणून तो थांबत नाही, त्यामुळे पुढची ओळ हशाखाली बुडते. शिवाय सिनेमागीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, आणि कार्यक्रम बाहेरच्या सभागृहात असेल तर परवान्याचा प्रश्न निघतो. भारतात कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्याहून कितीतरी जुनी आणि सगळ्यांच्या ओठांवर असलेली चाल मिळाली, तर ही सगळी कटकट जाते.

अशी चाल मराठी घरात एकच आहे असं मी म्हणेन, मनाच्या श्लोकांची. समर्थ रामदासांचे हे २०५ श्लोक शाळेत, संध्याकाळी देवापुढे आणि स्पर्धांमध्ये इतक्या पिढ्यांनी म्हटले आहेत की पहिल्या पाच अक्षरांत चाल ओळखू येते. वाद्य नसलं तरी चालतं. गायला येत नाही असं म्हणणारा माणूससुद्धा ती म्हणू शकतो, कारण ती गाण्यापेक्षा म्हणण्याची चाल आहे. एक पथ्य मात्र मी घातलं आणि ते सर्वांनी पाळावं असं मला मनापासून वाटतं. चाल घ्यायची, पण समर्थांची एकही ओळ मोडायची नाही आणि देवाचं नाव थट्टेत आणायचं नाही. थट्टा तारखेची आहे. सभागृहातल्या आजीला पहिल्याच ओळीत खटकलं, तर पुढच्या अकरा ओळी ती हसत नाही, आणि तिच्या शेजारचेही हसत नाहीत.

या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात. शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ पाठ केलेल्यांना आठवेल, त्यातला पहिला ‘यमाता’ हा तुकडा चार वेळा घ्यायचा की एक ओळ झाली. यमाता यमाता यमाता यमाता. ‘य’ ऱ्हस्व म्हणजे लघू, ‘मा’ आणि ‘ता’ दीर्घ म्हणजे गुरू. एक हलकं, दोन जड, असं चार वेळा. अक्षरं १२, आणि लघूची एक व गुरूच्या दोन अशा मोजल्या तर मात्रा २०. जोडाक्षराआधीचं अक्षर आघात येत असेल तर ऱ्हस्व असूनही गुरू होतं. ‘अर्थ’मधला ‘अ’ गुरू आहे. ‘पुन्हा’ म्हणताना मात्र ‘पु’वर जोर पडत नाही, म्हणून तो लघूच राहतो. एवढं व्याकरण या कामाला पुरतं.

मुलांनी लिहून आणलेली पहिली ओळ अशी होती: ‘आज वीस तारीख आहे आणि पोर्टल चालत नाही’. गोष्ट खरी आहे, पण ती चालीवर म्हणून पाहा. अक्षरं १९, म्हणजे जागेपेक्षा सात जास्त. त्याहून मोठी अडचण पहिल्याच अक्षराची. या चालीचं पाऊल हलक्या अक्षरावर पडतं आणि ‘आज’चा ‘आ’ जड आहे. ‘आज’, ‘काल’, ‘वीस’, ‘सर्व’ असे शब्द या चालीत ओळीच्या सुरुवातीला बसतच नाहीत. मग आम्ही फळ्यावर हलक्या अक्षराने सुरू होणारे ऑफिसचे शब्द लिहिले: सकाळी, दुपारी, पहाटे, सहा, पुन्हा, घरी, बिलांची, सरांनी. या यादीकडे पाहिल्यावर गाण्याची गोष्टच दिसू लागली. सकाळ, दुपार, सहा वाजले, पहाट. डेडलाइनचा एक दिवस. आधी कथा ठरवून मग शब्द शोधण्यापेक्षा हा उलटा रस्ता कितीतरी सोपा पडतो.

‘डेडलाइन’ हा शब्द लिहिण्याप्रमाणे मोजला तर गुरू, लघू, गुरू, लघू, लघू असा येतो आणि शेवट अडतो. पण आपण तो तसा बोलत नाही. बोलताना शेवट ‘इन्’ असा मिटतो, आणि मिटलेलं अक्षर गुरू धरतात. मग तो डे-ड-ला-इन् असा होतो, म्हणजे गुरू, लघू, गुरू, गुरू. ‘यमाता यमाता’मधलं तिसरं ते सहावं अक्षर नेमकं हेच आहे. त्याच्या आधी ‘पुन्हा’ किंवा ‘तशी’ टाकलं की अर्धी ओळ तयार. ‘मुदतवाढ’चंही तसंच. कागदावर सुरुवातीला तीन लघू दिसतात आणि शब्द बसणार नाही असं वाटतं. पण तोंडाने आपण ‘मु-दत्-वाढ’ म्हणतो. ते मुकाट्याने बसतं. ‘क्लायंट’ ओळीच्या सुरुवातीला येत नाही, पण एखाद्या ‘च’नंतर छान येतो. ‘ओटीपी’मधली तिन्ही अक्षरं दीर्घ आहेत, म्हणून मधली ‘टी’ ऱ्हस्व करून ‘ओटिपी’ केलं. एवढी मोकळीक कवी पूर्वीपासून घेत आले आहेत, आणि बोलण्यातही ती ‘टी’ आपण आखूडच म्हणतो.

हळूहळू पहिला श्लोक उभा राहिला:

सकाळीच तारीख दारात आली
बिलांच्या ढिगाआड खुर्ची बुडाली
दुपारीच क्लायंटचा फोन मेला
तिथे ओटिपी अन् इथे जीव गेला

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. विवरणपत्र सल्लागाराच्या ऑफिसात तयार होतं, पण ते सादर करताना ओटीपीने पडताळणी करायची असेल, तर तो अनेकदा क्लायंटच्या मोबाईलवर जातो. त्याने फोन उचलून आकडे सांगितले नाहीत तर इथलं सगळं काम तयार असून अडकतं. या ऑफिसातल्या लोकांनी दिलेल्या तक्रारींची यादी लांबलचक होती. इनपुट क्रेडिट जुळत नाही, बिलावर नंबर चुकलेला असतो, बँकेचं स्टेटमेंट शेवटच्या दिवशी येतं. त्यातून ओटीपीच निवडला, कारण ओटीपीची वाट पाहणं आजीलाही माहीत आहे. गॅसच्या नोंदणीपासून बँकेपर्यंत तिनेही ते केलेलं आहे. ‘इनपुट क्रेडिट’वर ऑफिसमधले दहा जण हसले असते आणि त्यांच्या घरचे त्यांच्याकडे पाहत बसले असते.

चौथ्या ओळीत शब्दांचा क्रम फार काळजीने लावलेला आहे. ‘इथे जीव गेला’ हे शेवटी आहे, कारण हशा शेवटच्या शब्दानंतर येतो आणि त्यानंतर काही ऐकू येत नाही. तेच ‘इथे जीव गेला, तिथे ओटिपी अन्’ असं उलटं केलं, तर माप तसंच राहतं, एक अक्षरही कमीजास्त होत नाही, पण ओळ मरते. दुसरं म्हणजे ‘मेला’ हा शब्द आधी फोनला लावला आहे. तो ऐकल्यावर कान यमकाची वाट पाहू लागतो. ‘गेला’ आला की यमकही सापडतं आणि थट्टाही सापडते, दोन्ही एकाच क्षणी. मनाच्या अनेक श्लोकांत पहिल्या दोन ओळींचं एक यमक आणि पुढच्या दोन ओळींचं दुसरं असतं, ही सोय विनोदाला फार उपयोगी आहे. पहिल्या जोडीत चित्र मांडायचं आणि दुसऱ्या जोडीत ते उलटवायचं.

दुसऱ्या श्लोकाला साहित्य सरकारी कॅलेंडरनेच दिलं. २०२५ साली प्राप्तिकर विवरणपत्राची ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली. मग १५ सप्टेंबरच्या रात्री, दिवस संपता संपता, आणखी एक दिवस मिळाला आणि १६ सप्टेंबर ही अखेरची तारीख ठरली. ज्यांनी ती रात्र पोर्टलसमोर काढली त्यांना ती बातमी कशी वाटली असेल, याचं वर्णन करायची गरज नाही. फक्त आम्ही रात्रीची पहाट केली, कारण ‘पहाटे’ मापात बसतं आणि ‘वाटे’ला यमक देतं.

फिरे पोर्टलाचे निळे चक्र रात्री
घरी पोचण्याची नसे आज खात्री
मुदत्वाढ आली जशी त्या पहाटे
तशी डेडलाइन् पुन्हा गोड वाटे

‘मुदत्वाढ’ असं लिहिलं आहे ते मुद्दाम. गाणाऱ्याच्या हातातल्या कागदावर शब्द जसा म्हणायचा तसाच लिहावा, शुद्धलेखनाप्रमाणे नाही. नाहीतर तालमीत प्रत्येक जण तिथे अडखळतो.

तिसरा श्लोक सरांचा. ऑफिसच्या गाण्यात मालकाची किंवा साहेबाची थट्टा नसेल तर लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, आणि जास्त झाली तर सोमवारी ऑफिसात अवघड होतं. यावर एक साधा उपाय आहे. माणसाची थट्टा करू नये, त्याच्या एका वाक्याची करावी. या ऑफिसात संध्याकाळी निघायच्या वेळी सर एखादी फाईल पुढे करत आणि ‘जरा हे बघा ना’ म्हणत. हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. शिवाय ते सहा अक्षरांचं, लघूने सुरू होणारं, म्हणजे अर्धी ओळ त्यांनीच बांधून दिलेली होती.

सहा वाजता बूट पायात आले
‘जरा हे बघा ना,’ असे सर् म्हणाले
‘जरा’ या पदाचा असा गोड मेवा
घरी सांगतो, भात झाकून ठेवा

या श्लोकावर सभागृहाचे दोन भाग वेगवेगळ्या ठिकाणी हसतात. कर्मचारी दुसऱ्या ओळीला आणि घरचे चौथ्या ओळीला. भात झाकून ठेवणारे हात समोरच बसलेले असतात. बायका म्हणत असतील तर ‘सांगतो’चं ‘सांगते’ करायचं. वजन तेच राहतं. सरांना हा श्लोक आधी दाखवायचा, हे मी नेहमी सांगतो. त्यांना आवडला तर आणखी एक गंमत जमते. दुसरी ओळ गाणाऱ्यांनी अर्ध्यावर सोडायची आणि ‘जरा हे बघा ना’ हे शब्द सरांनी स्वतः आपल्या खुर्चीतून म्हणायचे. त्यासाठी ओळीचा क्रम बदलून ‘तसे सर् म्हणाले, जरा हे बघा ना’ असा करता येतो. माप बिघडत नाही, पण ‘आले’शी जुळणारं यमक जातं. तरीही मी ते घेईन, कारण त्या क्षणी यमक कोणी मोजत नाही. सर संकोची असतील तर मूळ क्रमच ठेवावा.

स्किटमध्ये हे गाणं कुठे ठेवायचं, याचंही उत्तर शब्दांतूनच मिळतं. गाण्याला समजावून सांगायला वेळ नसतो, म्हणून जे ठाऊक असायला हवं ते आधीच्या संवादात सांगून टाकायचं. पोर्टलसमोर बसलेली मुलगी ‘सर, ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर गेलाय’ एवढं एक वाक्य बोलली, की पहिला श्लोक सर्वांसाठी मोकळा होतो. तारखेचं पात्रच रंगमंचावर आणलं, गळ्यात भिंतीवरचं कॅलेंडर अडकवून आलेला एक माणूस, तर पहिली ओळ सुरू होताना त्याने दार ठोठवावं. ओळीत ‘दारात आली’ आहेच. तीन श्लोक तीन वेगळ्या प्रसंगांनंतर म्हटले तर स्किट बांधलेलं राहतं. सलग म्हटले तर दोन मिनिटांत संपतात आणि मग त्याला शेवट म्हणून वापरावं लागतं. मला पहिली पद्धत जास्त आवडते.

गाताना पेटीवर नुसता षड्ज धरला तरी पुरे. पट्टीचं मात्र आधी ठरवावं. पुरुषांना साधारण काळी एक किंवा दोन सोयीची पडते आणि बायकांना काळी चार किंवा पाच. दोघांनी एकत्र म्हणायचं असेल तर ओढाताण करण्यापेक्षा श्लोक वाटून घ्यावेत. प्रत्येक ओळ एकाने म्हणावी आणि मागून सर्वांनी पुन्हा म्हणावी, फक्त चौथी ओळ सोडून. ती एकदाच आणि सावकाश. ज्याने पहिल्यांदा ऐकली तो हसतो. दुसऱ्यांदा म्हटली तर त्याच हशावर आपण पाणी ओततो. चौथ्या ओळीनंतर पुढचा श्लोक लगेच सुरू करायचा नाही, टाळ किंवा टाळ्या चालू ठेवायच्या आणि हशा ओसरायला लागला की ‘फिरे’ उचलायचं. कराओके नको म्हणालो ते याच्यासाठीच.

गाणं तयार आहे की नाही हे ओळखायची माझी एक पद्धत आहे आणि ती सहसा फसत नाही. ऑफिसबाहेरच्या एका माणसाला बोलवायचं, त्याच्या हातात शब्दांचा कागद द्यायचा नाही, गाणं एकदाच म्हणायचं आणि त्याने ऐकलं ते त्याला लिहायला सांगायचं. जिथे त्याने वेगळाच शब्द लिहिला किंवा जागा कोरी सोडली, तिथे दोष गाणाऱ्याचा नसून शब्दाचा असतो. या गाण्यात आधी दुसऱ्या ओळीत ‘बिलांची नवी रास बाहेर आली’ असं होतं. माप अचूक होतं, पण ऐकणाऱ्याने ‘रास’च्या जागी ‘घास’ लिहिलं, आणि पहिल्या ओळीतलं ‘आली’ पुन्हा येत असल्याने त्याला ती ओळ वेगळी अशी आठवतही नव्हती. ‘बिलांच्या ढिगाआड खुर्ची बुडाली’ ही त्यानंतर सुचलेली ओळ आहे. तीत खुर्ची दिसते, ढीग दिसतो, आणि कागदावर न पाहताही ती कळते.

दुसऱ्या ऑफिसात हे श्लोक असेच्या असे नेऊ नयेत. सॉफ्टवेअर कंपनीत ओटीपीचा जीव जाणार नाही, तिथे रिलीजचा जाईल. ‘रिलीज’ लघू, गुरू, लघू असा आहे, म्हणून तो नुसता बसत नाही, पण ‘रिलीजात’ किंवा ‘रिलीजास’ केला की ओळ सुरू करायला तयार होतो. छापखान्यात ‘प्रुफांची’, शाळेत ‘निकाला’, सरकारी कचेरीत मार्चअखेरीची ‘बिलांची’. आधी तिथल्या लोकांना कामाची पन्नास वाक्यं बोलू द्यावीत. त्यांतली जी आपोआप ‘यमाता’त पडतात, ती बाजूला काढावीत. तीन-चार तरी निघतातच, आणि गाण्याचा कणा तिथेच असतो.